धाप लागलेल्या गरोदर बाईची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा

प्रति,
वैद्यकीय आरोग्य अधिकारी,
भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिका

महोदय,

गरोदर बाई तपासणीला येते आणि सांगते, "जिना चढला की धाप लागते, छातीत धडधडतं." तिला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "या दिवसांत होतंच असं." हे उत्तर बहुतेक वेळा खरंही असतं. ज्या थोड्या बायकांच्या बाबतीत ते खरं नसतं, त्यांच्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे. त्यांची धाप गरोदरपणाची नसते, हृदयाची असते. ती ओळखायला उशीर झाला तर सातव्या-आठव्या महिन्यात किंवा बाळंतपणाच्या रात्री फुप्फुसांत पाणी भरतं आणि बाई हातची जाते.

या दोन प्रकारच्या धापांमधला फरक ओळखायला सुरुवातीला मोठं यंत्र लागत नाही. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि नीट विचारलेले दोन-तीन प्रश्न पुरतात. आपल्या नागरी आरोग्य केंद्रांमध्ये ही तपासणी रोजची व्हावी, एवढी एकच मागणी या पत्रात आहे. ती का करतो आहे, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी नेहमीच्या धापेबद्दल, कारण ती नीट समजली नाही तर आपण एकतर सगळ्याच बायकांना घाबरवू, नाहीतर सगळ्यांनाच घरी पाठवू. गर्भ राहिल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढतं. हे संप्रेरक मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला चेतवतं, त्यामुळे बाई प्रत्येक श्वास आधीपेक्षा खोल घेऊ लागते. दर मिनिटाला आत-बाहेर होणारी हवा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढते. हा बदल बाईला जाणवतो आणि ती त्याला धाप म्हणते. म्हणूनच पोट फारसं दिसतही नसतं तेव्हापासून, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून, ही तक्रार सुरू होऊ शकते. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना ती कधी ना कधी होते. बोलता बोलता मध्येच थांबून एक खोल श्वास घ्यावासा वाटतो, नुसतं बसलं असतानाही हवा कमी पडल्यासारखी वाटते, पण उठून काम केलं तर त्रास फार वाढत नाही. पुढे गर्भाशय वर चढून छातीखालचा पडदा सुमारे चार सेंटिमीटर वर ढकलतं. मग जेवणानंतर किंवा उताणं झोपल्यावर कोंडल्यासारखं होतं. शेवटच्या आठवड्यांत पोट खाली उतरलं की पुष्कळ बायका आपणहून सांगतात, "आता जरा मोकळं वाटतंय."

या धापेची एक खूण फार उपयोगी आहे. श्वास खोल होतो, पण त्याची संख्या जवळजवळ वाढत नाही. निरोगी गरोदर बाई स्वस्थ बसलेली असताना मिनिटाला साधारण सोळा ते वीस श्वास घेते. कोणी अठ्ठावीस श्वास घेत असेल, तर त्याचं कारण प्रोजेस्टेरॉन नाही, दुसरं काहीतरी आहे.

धडधडीचंही तसंच. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं. एवढं रक्त फिरवायला हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकतं आणि मिनिटाला दहा ते वीस ठोके जास्त मारतं. पंच्याहत्तरची नाडी नव्वदवर गेली, जिना चढल्यावर एकशे दहा झाली आणि दोन-चार मिनिटं बसल्यावर खाली आली, तर काळजीचं कारण नाही. अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं आणि पुढचा ठोका जोरात लागणं, हेही बहुधा निरुपद्रवी असतं. स्टेथोस्कोप लावला तर बहुतेक गरोदर बायकांच्या हृदयात एक मऊ आवाज ऐकू येतो. हृदय आकुंचन पावताना ऐकू येणारा हा आवाज वाढलेल्या रक्तप्रवाहाचा असतो. हृदय सैल पडताना येणारा आवाज मात्र गरोदरपणातही तपासल्याशिवाय नैसर्गिक धरू नये. हे वाक्य मी आपल्या केंद्रांतल्या तरुण डॉक्टरांसाठी लिहितो आहे.

आता ज्या आजारासाठी भिवंडीत विशेष सावध राहायला हवं, त्याकडे येतो. पाच ते पंधरा वयातल्या मुलांना घशाचा जंतुसंसर्ग होतो. त्यातल्या एका जातीच्या जंतूनंतर, म्हणजे गट 'अ' स्ट्रेप्टोकोकसनंतर, काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, तो उतरला की घोटा, मग मनगट, असे सांधे धरत जातात. हा रुमॅटिक ताप. सांधे पुढे पूर्ण बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना झालेली इजा मागे राहते आणि वर्षानुवर्षं वाढत जाते. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप हळूहळू जाड आणि अरुंद होते. हा दाटीच्या वस्तीचा आजार आहे, कारण एका खोलीत सात-आठ माणसं झोपतात तिथे घशाचा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. आपल्या शहरात शांतीनगर, गायबीनगर, नागाव अशा वस्त्यांत आणि यंत्रमागांच्या आजूबाजूच्या चाळींत घरं कशी आहेत, ते मी आपल्याला सांगायला नको. शिवाय उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून लग्न होऊन इथे आलेल्या हजारो बायकांचं बालपण जिथे गेलं, तिथेही परिस्थिती यापेक्षा फार वेगळी नव्हती. लहानपणी सांधे सुजल्याची गोष्ट त्या गावात विसरून येतात. झडप मात्र बरोबर येते.

निरोगी मायट्रल झडप उघडते तेव्हा तिचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं. ते दीड चौरस सेंटिमीटरपर्यंत आलं, तरी रोजची कामं करणाऱ्या बाईला पुष्कळदा काही कळत नाही. ती स्वयंपाक करते, पाणी भरते, कांड्या भरते, पोरं सांभाळते. गरोदर राहते तेव्हा हृदयाची पहिली खरी परीक्षा होते. यामागचा हिशेब मी मांडून दाखवतो, कारण तो कळला की पुढची सगळी सूत्रं आपोआप कळतात.

मायट्रल झडपेतून रक्त खाली उतरतं ते फक्त दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. नाडी पंच्याहत्तर असेल तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यातला साधारण ०.३ सेकंद आकुंचनाचा आणि ०.५ सेकंद विश्रांतीचा. म्हणजे मिनिटात झडप सुमारे ३७ सेकंद उघडी असते. नाडी एकशे वीसवर गेली की ठोक्याला अर्धाच सेकंद मिळतो. आकुंचनाचा वेळ फारसा कमी होत नाही, विश्रांतीचाच होतो, आणि झडप उघडी राहण्याचा वेळ मिनिटाला २६ सेकंदांच्या आसपास येतो. जवळजवळ तीस टक्के वेळ गेला. त्याच वेळी गरोदरपणामुळे उतरायचं रक्त मात्र चाळीस टक्क्यांनी वाढलेलं आहे. कारखान्यात पाळी सुटताना माणसं दीडपट आणि दार उघडं राहण्याची वेळ कमी, अशी ही गर्दी. दर सेकंदाला त्या अरुंद तोंडातून दुप्पट रक्त ढकलावं लागतं. द्रवाचा नियम असा आहे की प्रवाह दुप्पट करायला दाब चौपट लागतो. दारामागे पाच मिलिमीटर पाऱ्याइतका जादा दाब होता, तो वीस होतो. हा दाब थेट फुप्फुसांवर जातो आणि तिथल्या केशवाहिन्यांतून पाणी पाझरू लागतं. बाई म्हणते, "दम लागतोय." तिची तक्रार शब्दशः खरी असते.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, रक्ताचं प्रमाण अठ्ठावीस ते बत्तीस आठवड्यांच्या सुमारास सर्वात जास्त असतं, म्हणून झडपेचा आजार बहुधा सातव्या महिन्यात डोकं वर काढतो. दोन, अशा बाईची नाडी वाढवणारी प्रत्येक गोष्ट तिला धोक्याची असते, मग तो ताप असो, रक्त कमी असणं असो, भीती असो किंवा औषध असो.

या शेवटच्या शब्दापाशी मला थोडं थांबायचं आहे. समजा, तेवीस वर्षांची एक बाई आहे. हे उदाहरण मी समजावून सांगण्यासाठी रचलं आहे, पण त्यात वैद्यकाच्या पुस्तकाबाहेरचं काही नाही. दुसरी खेप, एकोणतिसावा आठवडा. पहिलं बाळंतपण चार वर्षांपूर्वी सुखरूप झालं, म्हणून घरचे निश्चिंत आहेत. महिन्याभरापासून तिला दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत जाताना मध्ये टेकावं लागतं. आठवड्याभरापासून रात्री खोकला येतो. आडवं झाल्यावर तासा-दोन तासांनी ती दचकून उठते, खिडकीशी जाऊन बसते, पहाटे भिंतीला टेकूनच डुलकी काढते. जवळच्या दवाखान्यात छातीत शिट्टीसारखा आवाज ऐकू आला, म्हणून दमा ठरतो. नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉल दिलं जातं, डेरिफायलिनचं इंजेक्शन टोचलं जातं. दोन्ही औषधं नाडी वाढवतात. ज्या बाईचा सगळा आजार नाडी वाढण्यात आहे, तिला नाडी वाढवणारं औषध मिळालं. घरी गेल्यावर धडधड आणखी वाढते. दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासतात, हिमोग्लोबिन ९.२ निघतं, आणि सांगतात, "रक्त कमी आहे, त्याचाच हा त्रास." लोहाच्या गोळ्या सुरू होतात.

रक्त खरंच कमी आहे, म्हणूनच या ठिकाणी फसगत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्तक्षय आढळला, म्हणजे दर दोघींत एकीला तो असतोच. सात-साडेसातच्या खाली गेलेलं हिमोग्लोबिन एकटंच धाप आणि धडधड घडवू शकतं, पाचच्या खाली गेलं तर निरोगी हृदयही थकतं. पण नऊचं हिमोग्लोबिन बाईला रात्री झोपेतून उठवून खिडकीशी बसवत नाही. एक कारण सापडलं की दुसरं शोधायचं थांबू नये, हे इथे फार महत्त्वाचं आहे.

आता हीच बाई आपल्या एखाद्या केंद्रात आली असं समजा. एएनएम ताईंनी तिला पाच मिनिटं बसू दिलं, मग घड्याळ हातात घेऊन मिनिटभर नाडी मोजली. ११८. तिच्या नकळत मिनिटभर श्वास मोजले. २८. बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९३. रक्तदाब १०० आणि ७०, म्हणजे नेहमीच्या तपासणीत 'ठीक' म्हणून सोडून दिला गेला असता असा. मग विचारलं, "रात्री झोपेतून दम कोंडून उठावं लागतं का? किती उशा घेता? खोकला आडवं झाल्यावर येतो का? लहानपणी सांधे सुजले होते का, महिन्याला इंजेक्शन घ्यायला नेत होते का?" शेवटच्या प्रश्नावर ती आठवून सांगते की दहाव्या वर्षी गुडघे सुजले होते, काही महिने दर एकवीस दिवसांनी सुई टोचत होते, मग ते सुटलं. ही सुई पेनिसिलिनची, घशाचा जंतू परत येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं घ्यायची असते. इथवर चार मिनिटं गेली, आणि या बाईला दमा नाही अशी दाट शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे. डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवून हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप ठेवला तर सैल पडतानाची ती मंद घरघर कदाचित ऐकू येईल. केंद्रातल्या गोंगाटात ती ऐकू आली नाही, तरी आकडे बोलत आहेतच. पुढची पायरी इको. ही हृदयाची सोनोग्राफी आहे, तिच्यात क्ष-किरण नसतात, बाळाला कसलाही धोका नाही. इकोत झडपेचं तोंड ०.९ चौरस सेंटिमीटर निघतं.

एवढ्या अरुंद झडपेवरही उपाय आहे, आणि तो उलट्या दिशेचा आहे. बाईला दाखल करून विश्रांती द्यायची, फुप्फुसांतलं पाणी उतरवायला फ्रुसेमाइड द्यायचं आणि नाडी सावकाश करायला मेटोप्रोलॉलसारखं औषध द्यायचं. नाडी एकशे अठरावरून ऐंशीवर आली की झडप उघडी राहण्याचे ते गेलेले सेकंद परत मिळतात, आणि पुष्कळदा दोन-तीन दिवसांत बाई आडवी झोपू लागते. औषधांनी भागलं नाही तर फुग्याने झडप उघडता येते. मांडीच्या शिरेतून नळी हृदयात नेऊन अरुंद झडपेत फुगा फुगवतात. जपानी शल्यविशारद कांजी इनोउए यांनी १९८४ साली ही पद्धत जगापुढे मांडली. पोटावर शिशाचं आवरण ठेवून ती गरोदर बाईवरही करतात, शक्यतो वीस आठवड्यांनंतर. मुंबईच्या केईएममध्ये हे काम वर्षानुवर्षं होत आलं आहे. परळ इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. आजार पाचव्या-सहाव्या महिन्यात कळला तर हे अंतर काहीच नाही. रात्री दोन वाजता गुलाबी फेस येऊ लागल्यावर अंजूरफाट्यापासून पुढे तेच अंतर फार मोठं असतं.

म्हणून माझी विनंती अगदी मर्यादित आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर नाडीचा रकाना आहे, हृदय आणि फुप्फुसांच्या तपासणीचेही रकाने आहेत. ते रकाने खऱ्या आकड्यांनी आणि खऱ्या तपासणीने भरले जावेत, आणि नाडीशेजारी श्वासाचा आकडाही लिहिला जावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. बाई आत्ताच जिना चढून आली असेल तर आधी बसवावं. नाडी शंभरच्या आत, श्वास वीसच्या आसपास, ऑक्सिजन ९६ किंवा अधिक आणि रात्री झोप नीट लागते, असं असेल तर "या दिवसांत होतंच" हे उत्तर बिनधास्त द्यावं, कारण आता ते तपासून दिलेलं उत्तर आहे. नाडी शंभर ते एकशे वीसच्या मध्ये रेंगाळत असेल तर ताप, रक्तक्षय, थायरॉइड, पाणी कमी पिणं ही कारणं शोधावीत आणि त्याच आठवड्यात परत मोजावं. कारण सापडलं नाही किंवा त्यावर उपचार करूनही आकडा खाली आला नाही, तर ईसीजी आणि इको.

कोणती खूण दिसल्यावर अजिबात थांबायचं नाही, याबद्दल अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने फार मोलाचं काम केलं आहे. हृदयरोगाने दगावलेल्या मातांचे कागद तिथे पुन्हा तपासले गेले आणि त्यावरून २०१७ मध्ये गरोदर बायकांसाठी धोक्याच्या खुणा ठरवल्या गेल्या: बसल्या जागी दम लागणं, आडवं न होता येणं, विश्रांतीतली नाडी १२० किंवा जास्त, श्वास ३० किंवा जास्त, वरचा रक्तदाब १६० किंवा जास्त, ऑक्सिजन ९४ किंवा कमी. या खुणांपैकी काही दिसलं तर बाईला ताबडतोब तज्ज्ञांकडे पाठवायचं. हा तक्ता भिंतीवर लावायला कागदाशिवाय काही लागत नाही. मी त्यात आपल्याकडच्या अनुभवाला धरून एवढीच भर घालेन, की आपण श्वासासाठी तीसची वाट पाहू नये. पंचवीसच्या वर गेला की त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहावं. आणि चालताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त येणं, एकाच पायाला अचानक सूज येऊन दम लागणं, यांसाठी आकडे मोजत बसू नये, थेट १०८ बोलवावी. एका पायाची सूज आणि अचानक धाप म्हणजे पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेलेली असू शकते.

धडधडीबाबत आशाताईंना एक प्रश्न शिकवावा: "ती हळूहळू वाढते की एकदम सुरू होते?" श्रमाने, काळजीने वाढणारी धडधड हळूहळू वाढते आणि हळूहळू ओसरते. दिव्याचं बटण दाबल्यासारखी एका क्षणात सुरू होणारी, मिनिटाला दीडशेच्या वर जाणारी आणि तशीच एकदम थांबणारी धडधड वेगळी असते. तिच्यात हृदयातल्या विजेचा मार्ग चुकलेला असतो. तो त्रास पुष्कळदा जीवघेणा नसतो आणि त्यावर गरोदरपणात चालणारी औषधंही आहेत, पण ती धडधड चालू असतानाच ईसीजी काढला तर निदान पक्कं होतं. नाडी पूर्णपणे बेताल लागत असेल, दोन ठोक्यांत काही मेळच नसेल, तर मात्र त्याच दिवशी इको हवाच.

दम्याबद्दल गैरसमज नको. ज्या बाईला लहानपणापासून दमा आहे, जिला इनहेलरने स्पष्ट आराम पडतो, तिचा इनहेलर गरोदरपणात थांबवणं धोक्याचं आहे. माझं म्हणणं इतकंच की ज्या बाईला आयुष्यात कधी दमा नव्हता आणि पहिल्यांदाच गरोदरपणात छातीत शिट्टी वाजू लागली, तिच्या कागदावर हृदय तपासल्याशिवाय 'दमा' लिहू नये. शहरातल्या खासगी दवाखान्यांनाही आपण हे पत्राने कळवू शकता. बायका आधी तिथेच जातात.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या नऊ तारखेला दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल चिकटपट्टी लागते. हा दिवस या कामासाठी सोयीचा आहे. या तपासणीत शंका आलेल्या बाईला नुसतं "मोठ्या दवाखान्यात दाखवा" असं सांगून पाठवू नये. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय की केईएम, कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या विभागात, हे चिठ्ठीवर लिहून द्यावं. ज्या नवऱ्याची मागावर बारा तासांची पाळी आहे, तो एक दिवसाची मजुरी सोडून बायकोला नेतो. तिथे "आज इको होत नाही" असं ऐकून परत आला, तर दुसऱ्यांदा जाईलच असं नाही. इकोच्या जागा आणि वेळा आपल्या कार्यालयाने आधी ठरवून घेतल्या, तरच बाकीचं मोजमाप कामाचं.

बाळंतपणाबद्दल थोडं सांगायलाच हवं. झडपेचा आजार म्हणजे सिझेरियन, असं घरचे समजून चालतात. तसं नसतं. पुष्कळ बायकांना नैसर्गिक प्रसूतीच बरी पडते. मात्र वेदना कमी करायचं औषध आणि शेवटी चिमट्याची किंवा व्हॅक्यूमची मदत द्यावी, म्हणजे बाईला जोर लावत बसावं लागत नाही. सलाइन मोजून द्यायचं, आणि रक्तस्राव थांबवायला नेहमी वापरलं जाणारं मेथर्जिन अशा बाईला द्यायचं नाही. सगळ्यात अवघड वेळ येते बाळ झाल्यावर. रिकाम्या झालेल्या गर्भाशयातलं रक्त एकदम हृदयाकडे परततं, आणि बाळ सुखरूप म्हणून पेढे वाटले जात असतात तेव्हाच आईच्या फुप्फुसांत पाणी चढू शकतं. पहिले दोन-तीन दिवस तिच्या नाडीवर आणि श्वासावर लक्ष ठेवणं म्हणून अटळ आहे.

शिवाय झडपा पूर्ण निरोगी असलेल्या बाईलाही बाळंतपणाच्या आधीच्या महिन्यात किंवा नंतरच्या पाच महिन्यांत हृदयाचा स्नायूच दुबळा पडण्याचा आजार होऊ शकतो. पायाला सूज, रात्री खोकला, थोडं चाललं तरी धाप. घरात म्हणतात, ओली बाळंतीण आहे, अशक्तपणा असणारच, आणि तिला डिंकाचे लाडू देतात. बाळाला लस द्यायला ती केंद्रात येतेच. त्या दिवशी बाळाचं वजन करताना आईचीही नाडी आणि श्वास मोजावेत.

आणखी एक गोष्ट केवळ आपल्यासारख्या शहराची आहे. सातवा महिना लागला की पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी निघतात. कल्याणहून गाडी पकडतात आणि पुढचे चोवीस-तीस तास डब्यात उभ्या-बसल्या काढतात. ज्या आठवड्यांत हृदयावर सर्वात जास्त ओझं असतं, नेमक्या त्याच आठवड्यांत त्या प्रवासात असतात, आणि त्यांना ओळखणारी आशाताई मागे राहिलेली असते. म्हणून सव्विसाव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे निघण्याआधी, एकदा नाडी आणि श्वास मोजलेच जावेत. इको झालेला असेल तर त्याचा कागद कार्डालाच टाचून द्यावा, आणि त्यावर झडपेचा आकडा, चालू गोळ्यांची नावं आणि "मेथर्जिन देऊ नये" हे हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहावं. पद्मानगरातली बाई तेलंगणात जाणार असेल तर तेच तेलुगूत. ज्या बाईची झडप एक चौरस सेंटिमीटरच्या आत आहे, तिला मात्र जाऊ देऊ नये. तिच्या सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून कारण सांगावं, आणि माहेरची एखादी बाई इथे बोलावून घ्यायला सुचवावं.

आपला विश्वासू,
एक फिजिशियन